गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या शेजाऱ्याला घरी सेवा देताना: इंजेक्शन, ड्रेसिंग, आपली हद्द आणि रास्त पैसे

मिरज-सांगलीच्या दवाखान्यांत ऑपरेशन झालेले पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या तासगाव भागात घरी परत येतात. हातात डिस्चार्ज कार्ड असतं, औषधांची पिशवी असते आणि कार्डावर एक ओळ असते: पोटातलं इंजेक्शन रोज एक. रोज गाडी करून मिरजेला जाणं परवडत नाही. छाटणीचे दिवस असतील तर घरातली कर्ती माणसं पहाटेपासून बागेत असतात. मग गल्लीतल्या सिस्टरला फोन येतो.

हा लेख त्या सिस्टरसाठी आहे. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या, दवाखान्यात काही वर्षं काम केलेल्या आणि आता आसपासच्या घरांत इंजेक्शन, ड्रेसिंग, ऑपरेशननंतरची देखभाल करू इच्छिणाऱ्या परिचारिकेसाठी. सगळ्या आजारांबद्दल थोडंथोडं सांगण्यापेक्षा गुडघा बदललेल्या एका काकूंचं उदाहरण शेवटपर्यंत नेते, कारण त्यात जवळजवळ सगळं येतं: रक्त पातळ करणारं इंजेक्शन, जखम, पायाची सूज, घरच्यांची घाई आणि पैशांचा संकोच.

आधी आपले कागद

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू आहे का, हे सगळ्यात आधी पाहा. नोंदणी एकदा केली की आयुष्यभराची झाली असं समजून बसणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. तिचं नूतनीकरण करावं लागतं, आणि मुदत संपलेल्या नोंदणीवर घरोघरी सुया टोचत फिरणं म्हणजे काही बिनसलं तर आपल्या बाजूने एकही कागद नसणं. नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स बॅगेत ठेवा आणि कुणी मागण्याआधी दाखवा. सरकारी नोकरीत असाल तर बाहेर पैसे घेऊन काम करायला सेवानियम आड येतात, तेव्हा आधी कार्यालयात लेखी विचारा.

दुसरी गोष्ट, पेशंटच्या घरी जायचं, पेशंटला आपल्या घरी ठेवून घ्यायचं नाही. ओसरीवर दोन कॉट टाकून सलाईनचे पेशंट झोपवले की ते शुश्रूषागृह होतं आणि त्याला १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. आजार ओळखणं आणि औषध ठरवणं हे तर आपलं कामच नाही. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी कायद्यानुसार तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांचा आहे. आपण डॉक्टरांनी लिहिलेलं नीट देतो आणि काय दिसलं ते त्यांना कळवतो.

स्वतःसाठी हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण करा: पहिला डोस, एक महिन्यानंतर दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिकारशक्ती आली का तेही तपासून घ्या. दवाखान्यात सुई टोचली तर विचारपूस करणारं कुणीतरी असतं. घरोघरी काम करताना तुम्ही एकट्याच असता.

फोनवरच विचारायच्या गोष्टी

"सिस्टर, आईला रोज एक इंजेक्शन द्यायचंय, येताय का?" एवढ्यावर हो म्हणू नका. डिस्चार्ज कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. कार्डावर औषधाचं नाव, मात्रा, किती दिवस, आणि डॉक्टरांची सही-शिक्का दिसला पाहिजे. कार्ड गहाळ झालं असेल तर दवाखान्यातून दुसरी प्रत मिळते. ती येईपर्यंत थांबा. "तिथल्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलंय" यावर सुई उचलायची नाही. फोनवर डॉक्टरांशी स्वतः बोललात, तरी त्यांच्याकडून लेखी मेसेज घ्या आणि जपून ठेवा.

त्याच फोनवर तीन प्रश्न विचारा. हे इंजेक्शन दवाखान्यात आधी दिलं होतं का? कसली ॲलर्जी आहे का? याशिवाय रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू आहे का? आपले दरही याच वेळी सांगा. पैशांचं बोलणं पहिल्या फोनवर जितकं सोपं असतं तितकं नंतर कधीच नसतं.

पहिली भेट: कार्ड आणि डबी शेजारी ठेवून वाचा

आमच्या उदाहरणातल्या काकू ६६ वर्षांच्या, उजवा गुडघा बदललेला, चौथ्या दिवशी घरी आलेल्या. कार्डावर एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, त्वचेखाली, दिवसातून एकदा, पुढचे १० दिवस. मोठ्या सांध्याच्या ऑपरेशननंतर हालचाल मंदावते आणि पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होण्याची भीती असते, म्हणून हे इंजेक्शन.

औषधाची डबी हातात घ्या आणि कार्डाशी ताडून पाहा. एनोक्सापॅरिन भरलेल्या सिरिंजमध्ये येतं: ४० मिलिग्रॅमची सिरिंज ०.४ मिलिलिटरची, ६० ची ०.६ ची. मेडिकलमध्ये ४० संपलं की ६० दिलं जाऊ शकतं, आणि डब्या दिसायला सारख्याच असतात. अशी डबी असेल तर "थोडं कमी टोचू" असा हिशोब करायचा नाही. डबी परत पाठवायची आणि ४० ची मागवायची. तारीख पाहा. औषध फ्रिजमधल्या बर्फाच्या खणात ठेवलेलं नाही ना, तेही पाहा, कारण ते गोठलं तर वापरता येत नाही.

मग गोळ्यांची पिशवी ओता. काकूंच्या पिशवीत हृदयासाठी आधीपासून चालू असलेली ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल निघाली, आणि दवाखान्याच्या कार्डावर त्यांचा उल्लेख नव्हता. अशा वेळी अंदाज बांधू नका. सर्जनच्या दवाखान्यात फोन करा, "या दोन गोळ्या चालू आहेत, इंजेक्शन सोबत द्यायचं का?" असं थेट विचारा आणि उत्तर वहीत वेळेसह लिहा. किडनीचा त्रास असलेल्या पेशंटमध्ये याच औषधाची मात्रा कमी करावी लागते. तेव्हा रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं तर तेही सांगा. पुढचा निर्णय त्यांचा.

एक साधी वही घ्या, प्रत्येक पेशंटला दोन पानं. तारीख, वेळ, औषध, मात्रा, बॅच नंबर, कुठल्या बाजूला दिलं, ताप, नाडी, बीपी, जखम कशी दिसली, कुणाला कळवलं. घरच्यांची सही रोज घ्या. माणसं बदलतात, आठवणी बदलतात, वही बदलत नाही.

पोटातलं इंजेक्शन, टप्प्याटप्प्याने

हात साबणाने चाळीस सेकंद ते एक मिनिट धुवा. घरात वाहतं पाणी नसेल तर अल्कोहोलचा हॅंड रब वीस-तीस सेकंद चोळा, पण हात दिसायला मळलेले असतील तर साबणाला पर्याय नाही. काकूंना पाठीला उशी देऊन आडवं करा. बेंबीपासून किमान पाच सेंटिमीटर लांब, म्हणजे साधारण तीन बोटं सोडून, पोटाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूची जागा निवडा. जुना व्रण, निळा डाग किंवा गाठ असेल तिथे टोचू नका. स्पिरिटचा बोळा फिरवून जागा वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचलं की चुरचुरतं आणि पेशंट उगाच आक्रसतो.

भरलेल्या सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा असतो. दवाखान्यात साध्या सिरिंजमधली हवा काढायची सवय हाताला लागलेली असते, म्हणून बऱ्याच जणी इथेही ती काढतात आणि औषधाचे दोन थेंब जमिनीवर जातात. पूर्ण मात्रा द्यायची असेल तर हा बुडबुडा काढायचा नाही. अंगठा आणि बोटाने कातडीची घडी उचला, सुई सरळ, काटकोनात, पूर्ण आत घाला, घडी शेवटपर्यंत धरून ठेवा आणि दांडा सावकाश दाबा. दांडा मागे ओढून रक्त येतं का पाहायची गरज नाही. सुई काढल्यावर कोरडा बोळा हलका दाबून धरा. चोळायचं नाही. चोळल्यामुळे पोटावर निळे-काळे डाग जास्त पडतात आणि मग घरचे म्हणतात, सिस्टरचा हात जड आहे.

उद्या दुसरी बाजू. वेळ रोज तीच, म्हणजे आज सकाळी आठला तर उद्याही आठला. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम देऊ नका. डॉक्टरांना विचारा.

या इंजेक्शनची खरी काळजी रक्तस्रावाची. पोटावरचा रुपयाएवढा डाग चालतो. हिरड्यांतून रक्त, लाल लघवी, डांबरासारखी काळी शी, ड्रेसिंग रक्ताने भिजणं, किंवा पडून डोक्याला मार लागणं यातलं काहीही झालं तर पुढचं इंजेक्शन थांबवून लगेच डॉक्टरांना फोन. डोक्याला मार लागला असेल तर फोनवर वेळ घालवू नका, पेशंट हलवा.

हे इंजेक्शन घरच्यांना शिकवता येतं आणि शिकवावं. घरातली सून किंवा मुलगा तयार असेल तर दोन-तीन दिवस दाखवा, पुढचे एक-दोन दिवस तुमच्या समोर त्यांच्या हातून द्या. आपले पैसे कमी होतील म्हणून शिकवायचं टाळणं मला बरोबर वाटत नाही. मधुमेहाच्या पेशंटला इन्सुलिन शिकवतानाही तेच. मात्र इन्सुलिनमध्ये एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची, यू-४०. केशरी टोपणाची सिरिंज यू-१०० ची. ४० च्या बाटलीतलं इन्सुलिन केशरी सिरिंजने तिच्या खुणांप्रमाणे भरलं तर पेशंटला हव्या त्या मात्रेपेक्षा निम्म्याहून कमी मिळतं. उलट १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने भरलं तर अडीचपट जातं आणि साखर धोकादायक खाली येते. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोन्ही मोठ्याने वाचून दाखवा.

ड्रेसिंग: उघडायचं कधी आणि कसं

गुडघ्याच्या जखमेवर हल्ली बरेच सर्जन पाणी न शिरणारी पट्टी लावतात आणि ती ठराविक दिवसापर्यंत तशीच ठेवायला सांगतात. कार्डावर तसं लिहिलं असेल तर ती उघडायची नाही. "एकदा आत बघा तरी" असा आग्रह घरचे धरतात. प्रत्येक वेळी उघडलं की जंतूंना वाट मिळते, हे त्यांना समजावा. पट्टी सुटली, आतून भिजली, कडेने गळायला लागली, किंवा बदलायची तारीख आली, तरच हात लावा.

जागा निवडणं हे घरातल्या ड्रेसिंगचं निम्मं काम. गोठ्याच्या किंवा वैरणीच्या बाजूची खोली नको, चूल पेटलेली नको, नुकतंच झाडलेलं नको. पंखा बंद, मुलं आणि मांजर बाहेर. स्टूल पुसून त्यावर स्वच्छ कापड पसरा, त्यावर निर्जंतुक पाकिटं मांडा. सलाईनची बाटली नवीन फोडा आणि उरलेली "पुढच्या वेळेला" म्हणून ठेवू नका. १०० मिलिलिटरची छोटी बाटली मागवली की वाया जात नाही.

साधे हातमोजे घालून जुनं ड्रेसिंग काढा. चिकटलं असेल तर सलाईनने ओलं करून एक-दोन मिनिटं थांबा, ओढू नका. काढलेल्या गॉजवर काय आहे ते पाहा: रंग, वास, किती. मोजे टाका, हात पुन्हा धुवा, मग निर्जंतुक मोजे. सलाईनमध्ये भिजवलेला गॉज टाक्यांवरून एकाच दिशेने एकदा फिरवा आणि टाका. दुसरा गॉज टाक्यांच्या एका बाजूने, तिसरा दुसऱ्या बाजूने. एकच गॉज पुढे-मागे घासला तर आजूबाजूच्या कातडीवरचे जंतू टाक्यांत जातात. कोरडं करा, नवीन पट्टी लावा, वर तारीख लिहा. सर्जनने लिहिलेलं नसेल तर पावडर, मलम काही नाही. हळद आणि खोबरेल तेल कुणी लावू नये म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला प्रेमाने समजावा आणि तिच्याच तोंडून कबूल करून घ्या. निर्णय तिथे होतात.

जखमेचा फोटो सर्जनला पाठवायचा असेल तर काकूंची परवानगी घ्या, चेहरा येऊ देऊ नका आणि काम झालं की आपल्या फोनमधून काढून टाका. गल्लीत एकमेकांच्या घरच्या गोष्टी लवकर पसरतात. त्या आपल्या तोंडून पसरता कामा नयेत.

नेहमीचं काय आणि धोक्याचं काय

बदललेला गुडघा कित्येक आठवडे शेजारच्या गुडघ्यापेक्षा गरम लागतो आणि सुजलेला दिसतो. हात लावून गरम लागला म्हणून घाबरायचं कारण नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिकट गुलाबी पाणी थोडं येणंही चालतं. बदल कुठल्या दिशेने चाललाय ते पाहायचं असतं. लालसर भाग दिसला तर त्याच्या कडेने पेनाने रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बाहेर गेली, कमी होत आलेली ठणक पुन्हा वाढली, थांबलेला स्राव पाचव्या-सहाव्या दिवशी परत सुरू झाला, तो गढूळ किंवा वासाचा असला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी सर्जनकडे.

इथे जवळच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून "तोवर चालू करू" असं कुणी म्हटलं तर ठामपणे अडवा. कृत्रिम सांध्यात जंतू शिरलेत का हे पाहायला सर्जन आतलं पाणी काढून तपासतात. आधीच गोळ्या पोटात गेल्या की तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि सांधा आतून बिघडत राहतो.

पोटरी रोज पाहा. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांना टेप लावा आणि माप वहीत लिहा. ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असतेच, म्हणून एका दिवसाच्या मापावरून काही ठरत नाही. रोज वाढत जाणारा फरक, तीन सेंटिमीटरहून जास्त तफावत आणि पोटरीत दुखणं असेल तर गाठीची शंका घेऊन सर्जनला कळवा. अशा पायाला तेल लावून मालिश करू देऊ नका, गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त येणं यावर १०८ ला फोन करा. आधी सर्जनला विचारत बसू नका.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत दिसते. आराम पडावा म्हणून गुडघ्याखाली उशी दिलेली असते. तिने गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी टाचेखाली द्या, गुडघा सरळ राहू द्या. पावलं वर-खाली हलवायला तासातासाला आठवण करा. खाली बसायची संडासाची सोय असेल तर कमोडची खुर्ची घरी येण्याआधीच मागवायला सांगा.

पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट असेल तर एक खूण कायम लक्षात ठेवा. पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास जखमेतून एकदम भरपूर गुलाबी पाणी आलं तर आतले टाके सुटत असल्याची ती खूण आहे, बाहेरून जखम चांगली दिसत असली तरी. पेशंटला आडवं करा, गुडघे वाकवून ठेवा, जखमेवर सलाईनने ओला केलेला निर्जंतुक गॉज ठेवा, तोंडाने काही देऊ नका आणि दवाखान्यात न्या. आतडं बाहेर दिसलं तर ते आत ढकलायचा प्रयत्न करू नका.

कशाला नाही म्हणायचं

एकदा घरात जायला लागलं की मागण्या वाढतात. "सिस्टर, आलाच आहात तर माझ्या पाठीत पण एक मारा की, लई दुखतंय." "अंगात ताकदच नाही, एक सलाईन लावा की." या दोन्हींना माझं उत्तर एकच, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. अशक्तपणामागे रक्त कमी असेल, साखर वाढलेली असेल, हृदयाचा त्रास असेल. हृदय कमजोर असलेल्या माणसाच्या शिरेत बाटलीभर पाणी सोडलं तर फुप्फुसात पाणी साठू शकतं.

चिठ्ठी असूनही घरी करायच्या नसलेल्या गोष्टी आहेत. अँटिबायोटिक इंजेक्शनचा पहिला डोस घरी नाही, तो दवाखान्यातच. कातडीवर टेस्ट डोस दिला आणि काही झालं नाही, म्हणजे पुढे रिॲक्शन येणारच नाही असं नसतं. शिरेतून लोहाचं इंजेक्शन घरी नाही. बाळंतपणाच्या कळा वाढवायचं किंवा गर्भ पाडायचं कुठलंही औषध घरी नाही, कितीही ओळखीचं घर असलं तरी. जखमेतला मेलेला भाग कापणं, ड्रेन ओढून काढणं, मधुमेहाच्या पायाची काळी पडलेली बोटं साफ करणं हेही नाही. ड्रेनमध्ये किती आणि कुठल्या रंगाचं आलं ते मोजून लिहिणं, एवढं आपलं.

अँटिबायोटिक इंजेक्शनचे पुढचे डोस घरी देतानाही दर वेळी अर्धा तास थांबा. अंगावर गांधी उठणं, आवाज बसणं, ओठ सुजणं, दम लागणं, बीपी पडणं दिसलं तर पेशंटला आडवं करून पाय उंच करा आणि ॲड्रेनालीन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्या. दम जास्त लागत असेल तर पाय लांब करून बसतं ठेवा. मोठ्या माणसाला एका मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असलेलं ॲड्रेनालीन अर्धा मिलिलिटर. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच. १०८ ला फोन लगोलग. पेशंटला उभं करायचं नाही. हे ॲम्पूल बॅगेत ठेवण्यासाठी आणि अशा वेळी वापरण्यासाठी ओळखीच्या डॉक्टरांकडून आधीच लेखी सूचना घेऊन ठेवा. तसे डॉक्टर पाठीशी नसतील तर अँटिबायोटिक इंजेक्शनांचं काम घेऊच नका.

नकार देताना चिडायचं नाही. "काकी, मला लायसन्स एवढंच आहे" म्हटलं की बहुतेकांना पटतं.

वापरलेल्या सुया

सुईला टोपण परत बसवायचं नाही. पेशंटच्या घरातच जाड, न फुटणारा, झाकणाचा डबा ठेवा आणि सुई टोचल्याबरोबर सिरिंजसकट त्यात टाका. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करून टेप लावा. घंटागाडीत, उकिरड्यावर किंवा बागेच्या बांधावर तो जाता कामा नये. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हातात त्या सुया घुसतात. जवळच्या दवाखान्याशी आधीच बोलून ठेवा. जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी त्यांच्याकडे येत असते, त्यात तुमचा डबा आणि भिजलेली ड्रेसिंगची पिशवी देता येते. थोडे पैसे मागितले तर द्या आणि ते आपल्या दरात धरा.

सुई स्वतःला टोचली तर जागा वाहत्या पाण्यात साबणाने धुवा, पिळू नका, बोट तोंडात घालू नका. शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकं चांगलं, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही.

दर कसा ठरवायचा

शेजारधर्म आणि पोट, दोन्ही सांभाळायचं असेल तर दर हिशोबाने ठरवा आणि लिहून ठेवा. एक पद्धत दाखवते. दवाखान्यात तुम्हाला महिना २०,००० मिळत असतील, २६ दिवस, आठ तास, तर २०८ तास होतात आणि तासाला साधारण ९६ रुपये पडतात. घरोघरी काम करताना रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, पेट्रोल आपलं, आणि दिवसातले बरेच तास कामच नसतं. म्हणून हा आकडा दुप्पट धरा, तासाला २०० रुपये. काकूंच्या घरी जाणं-येणं, इंजेक्शन, वही आणि आवराआवर मिळून पाऊण तास जातो, म्हणजे १५०. मोजे, बोळे, हॅंड रब, सुयांच्या डब्याचा वाटा मिळून २०. एका इंजेक्शन भेटीचे १७०. फक्त ड्रेसिंगला तास धरला आणि साहित्य ४०, तर २४०. दोन्ही एकाच भेटीत असेल तर जाण्यायेण्याचा, वहीचा आणि आवराआवरीचा वेळ एकदाच धरायचा आणि ड्रेसिंगच्या २४० वर इंजेक्शनसाठी फक्त ३० वाढवायचे, म्हणजे २७०. तुमच्या गावात पगार वेगळा असेल, अंतर वेगळं असेल, आकडे त्याप्रमाणे बदलतील.

इंजेक्शन, गॉज, निर्जंतुक मोजे, पट्ट्या पेशंटने मेडिकलमधून स्वतः बिलावर आणायच्या. आपण आणून वर नफा लावायचा नाही. दवाखाना, लॅब किंवा मेडिकलकडून पेशंट पाठवण्याचं कमिशन मिळत असेल तर ते नाकारा. ते घेतलं की "त्याच लॅबला जा" असा सल्ला आपल्याकडून द्यायला लागतो. रात्री नऊनंतर बोलावलं तर दीडपट, हे आधीच सांगा.

आता काकूंचा हिशोब. दहा दिवस रोज आपणच गेलो, त्यात दोन दिवस ड्रेसिंग, तर आठ भेटींचे १३६० आणि दोन भेटींचे ५४०, मिळून १९००. सून तीन दिवसांत शिकली, दोन दिवस आपल्यासमोर तिने दिलं आणि पुढचे पाच दिवस तिनेच दिलं, तर सहा भेटी होतात: चारचे ६८०, एका ड्रेसिंगच्या भेटीचे २७०, नंतरच्या एका ड्रेसिंगचे २४०. बेरीज ११९०. दोन्ही आकडे पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर ठेवा आणि निवड त्यांना करू द्या. पैसे मिळाले की पावती द्या, त्यावर नोंदणी क्रमांक लिहा. विम्याचा दावा करायचा असेल तर त्यांना ती लागते. पैसे घेऊन दिलेल्या सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे तक्रार होऊ शकते, तेव्हा वही आणि पावती आपल्यालाही लागते.

ज्याला खरंच परवडत नाही त्याला कमी घ्या किंवा घेऊ नका, पण तेही वहीत लिहा आणि फुकट आहे म्हणून मोजे किंवा वेळ वाचवू नका. कुणी द्राक्षांची पेटी, काकवीची बरणी आणून दिली तर आनंदाने घ्या. ती बिलातून वजा करायची नाही आणि बिलाच्या जागी धरायचीही नाही, नाहीतर पुढच्या घरी तुमचा दर एक पेटी होतो.

चौदाव्या दिवसाच्या आसपास काकूंचे टाके काढायला सर्जन बोलावतील. ते त्यांच्याकडेच काढू द्या, कारण त्याच वेळी ते गुडघा किती वाकतो आणि जखम कशी आहे ते पाहतात. जाताना तुमच्या वहीतल्या दोन पानांची झेरॉक्स काकूंच्या फाईलमध्ये लावा: कुठल्या दिवशी किती ताप, पोटरीचं माप, कुठल्या तारखेला काय कळवलं होतं. सुयांचा डबा त्यांच्या घरून उचला, दवाखान्यात जमा करा आणि जमा केल्याची तारीख त्याच पानावर लिहा.